व्हॅनमधला व्ह आणि व्हीलमधला व्ह

‘व्हॅन’ आणि ‘व्हील’ हे शब्द मराठीत एकाच ‘व्ह’ने लिहितात. इंग्रजीत मात्र व्हॅन व्हीने सुरू होते आणि चाक या अर्थाचा व्हील डब्ल्यूने. व्हाइट, व्हिस्की, व्हेल मासा हे सगळे डब्ल्यूचेच. स्पेलिंगमध्ये त्यापुढे एच आहे, म्हणून मराठीने ‘ह’ जोडला. त्यामुळे लिहिलेल्या ‘व्ह’वर विसंबून उच्चार करू नये, स्पेलिंग पाहावे.

मराठी ‘व’ या दोन्ही ध्वनींच्या मधोमध बसतो. ‘वीस’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासली जाईल इतका टेकत नाही. इंग्रजी कानाला तो कधी व्ही वाटतो, कधी डब्ल्यू.

व्ही साधायला ‘फॅन’पासून सुरुवात करावी. त्यातला फ ओठ मिटून नव्हे, ‘फिल्म’मधल्यासारखा, खालचा ओठ वरच्या दातांना हलकेच लावून म्हणायचा. ओठ तिथेच ठेवून घशातून आवाज काढला की व्ही तयार होतो. तो दोन-तीन सेकंद लांबवता येतो आणि ओठाला गुदगुल्या होतात. इथे ‘ह’चा श्वास सोडायचा नाही; ‘व्हावे’मधला व्ह तो वेगळा.

डब्ल्यूसाठी दात विसरायचे. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ म्हणायचा आणि लगेच पुढच्या स्वरावर सरकायचे: ऊ-एट, ऊएट, वेट. हा ओला या अर्थाचा शब्द. त्याच्याच जोडीचा व्हेट म्हणजे गुरांचा डॉक्टर. तिथे ओठ दातांवर.

आता जोड्या आरशासमोर म्हणाव्यात. द्राक्षाची वेल ‘व्हाइन’, तिची दारू ‘वाइन’. कोटाखालचे बिनबाह्यांचे जाकीट ‘व्हेस्ट’, पश्चिम दिशा ‘वेस्ट’. कवितेची ओळ ‘व्हर्स’, आणखी वाईट ते ‘वर्स’. विषारी साप ‘व्हायपर’, काच पुसणारा ‘वायपर’. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या शब्दाला वरच्या दातांची कड ओठावर दिसली पाहिजे, दुसऱ्याला गोल ओठ. दोन्ही वेळा तोंड सारखेच दिसले, तर जुना मराठी ‘व’च निघतो आहे.

पुढची खरी कसोटी सोबत्याबरोबर घ्यावी. त्याने पाठ करून बसावे, आपण जोडीतला एकच शब्द म्हणावा आणि त्याने अर्थ सांगावा. ‘व्हेस्ट’ म्हटल्यावर त्याने पश्चिम सांगितली, तर ओठ दातांपर्यंत पोहोचलेला नाही.

डब्ल्यूचा सराव वाढला की उलटी चूक सुरू होते: व्हिलेज, व्होट, व्हॉल्यूम यांच्या सुरुवातीलाही ओठ गोल होतात. ‘व्होट’मध्ये हे जास्त होते, कारण पुढचा ‘ओ’ ओठांना आधीच ओढतो. अशा वेळी व्ही मुद्दाम लांबवून थांबावे, मग स्वर म्हणावा. दोन्ही ध्वनी लागोपाठ येणारे ‘व्हेरी वेल’ सर्वांत शेवटी घ्यावे: आधी दात, मग चंबू, सुरुवातीला अगदी सावकाश.