ग्रुपवरचा मेसेज तपासताना

जबलपूरच्या मराठी घरांत मराठी आणि हिंदी एकाच ताटात जेवतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होतं. त्यानंतर विदर्भ एका बाजूला गेला, जबलपूर दुसऱ्या बाजूला राहिलं. पुढच्या पिढ्या हिंदी शाळांत शिकल्या आणि घरात मराठी बोलत राहिल्या. त्यामुळे इथल्या एखाद्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठी मेसेज पडतो, तेव्हा त्याची घडण मराठी असते आणि अधूनमधून शब्द मात्र हिंदी अर्थाने आलेला असतो. असा मेसेज तपासताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: काम बिघडता कामा नये आणि लिहिणाऱ्याचा सूर हरवता कामा नये.

## एक मेसेज

समजा, गणेशोत्सवातल्या नाटकाच्या टीममध्ये एकाने हा मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी तुम्हाला दाखवला:

> अरे मंडळी, परवाची तालीम कॅन्सल नाही हां!! मानस भवनचा हॉल खाली आहे, तर ५ ला या. पावसामुले उशीर नको. ज्याला आपत्ती असेल त्याने रातीच सांगा. ड्रेस काकू ला दया, मग बघू 😄

वाचायला गोड आहे. पण हा जसाच्या तसा गेला, तर निदान दोघं-तिघं चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या मजल्यावर पोचतील.

## आधी दिवस, वेळ, जागा

शुद्धलेखनाकडे वळण्याआधी मेसेज वाचून कोण, कुठे, कधी जाणार एवढंच बघावं. ‘परवा’ हा शब्द मराठीत होऊन गेलेल्या दिवसालाही चालतो आणि येणाऱ्या दिवसालाही. शिवाय मेसेज काहीजण दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतात, तेव्हा त्यांचा परवा वेगळा असतो. म्हणून शेजारी वाराचं नाव हवं. ‘५ ला’ म्हणजे पाच तारखेला की पाच वाजता, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. ‘रातीच’ म्हणजे आजच्या रात्री की तालमीच्या रात्री, हेही तसंच.

‘कॅन्सल नाही’ ही अडचण वेगळी आहे. घाईत वाचणाऱ्याची नजर ‘कॅन्सल’वर थांबते आणि पुढचा ‘नाही’ निसटतो. जे होणार आहे ते होकारार्थी सांगितलं की हा धोका उरत नाही.

## मग हिंदीच्या सावलीतले शब्द

‘हॉल खाली आहे’ हे हिंदीच्या कानाने वाचलं तर हॉल रिकामा आहे, आणि मराठीच्या कानाने वाचलं तर तो खालच्या मजल्यावर आहे. दोन्ही अर्थ तिथे बसतात, म्हणून तपासणाऱ्याने अंदाज बांधू नये, लिहिणाऱ्याला विचारावं. इथे त्याला ‘रिकामा’ म्हणायचं होतं. ‘आपत्ती’ हिंदीत हरकत असते, मराठीत संकट. त्याजागी ‘अडचण’ घातलं की काम भागतं.

हिंदीतून आलेला प्रत्येक शब्द मात्र पुसायचा नाही. ‘हां’ हा जबलपूरच्या बोलीचा ठसा आहे, त्याने कुणाचा गैरसमज होत नाही, म्हणून तो राहू द्यावा. कसोटी एकच: हा शब्द पुण्याहून नव्याने आलेल्या मुलीला उलटा कळेल का? कळणार असेल तर बदला, नाहीतर हात लावू नका.

## मग अक्षरं

‘पावसामुले’ ही चूक बहुतेक वेळा कीबोर्डची असते. फोनवर हिंदी कीबोर्ड चालू असला तर सुचवण्या हिंदी शब्दांच्या येतात आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ बसतो. ‘मुळे’चं ‘मुले’ होतं, ‘वेळ’चं ‘वेल’ होतं. एकदा सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घेतला की अशा चुका पुष्कळ कमी होतात आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ही नीट येतो.

‘दया’ ही त्यातली ठळक चूक. जोडाक्षर सुटलं की ‘द्या’ची दया होते. ‘काकू ला’ हेही हिंदी सवयीचं आहे. हिंदीत ‘को’ वेगळा लिहितात, मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो, म्हणून ‘काकूला’.

## काय सोडून द्यावं

सूर कुठे राहतो, हे ओळखता आलं की तो जपणं सोपं जातं. या मेसेजमध्ये तो ‘अरे मंडळी’मध्ये आहे, ‘हां!!’मध्ये आहे, ‘मग बघू’मध्ये आहे. ‘रातीच’ हे प्रमाण रूप नाही, पण त्या माणसाचा आवाज त्यात ऐकू येतो. ‘असं’, ‘केलं’, ‘सांगितलं’ ही बोलीतली अनुस्वाराची रूपं ग्रुपवर ‘असे’, ‘केले’, ‘सांगितले’ करू नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ते औपचारिक लेखनासाठी हाताशी असावेत, पण मित्रांच्या ग्रुपवर ते सगळे लागू केले तर हेच पुढे येतं: ‘सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, गुरुवारची तालीम नियोजित वेळेनुसार होईल.’ त्यात चूक एकही नाही, पण टीममधल्या कुणालाही हा आपल्या मित्राचा मेसेज वाटणार नाही.

## तपासल्यावर

> अरे मंडळी, परवा गुरुवारची तालीम होणारच आहे हां!! मानस भवनचा हॉल रिकामा आहे, तर संध्याकाळी ५ वाजता या. पावसामुळे उशीर नको. ज्याला अडचण असेल त्याने आज रातीच सांगा. ड्रेस काकूला द्या, मग बघू 😄

वाक्यांचा क्रम तोच आहे, वाक्यं तेवढीच आहेत, उद्गारचिन्हंही दोनच आहेत. शेवटी हा मेसेज मूळ लिहिणाऱ्याच्या लकबीत मोठ्याने वाचून बघावा. एखाद्या ठिकाणी तो असं बोलणार नाही असं वाटलं, तर तिथे तुमचा हात जास्त पडला आहे आणि तेवढा शब्द मूळचा परत ठेवावा.

## मेसेज आधीच गेला असेल तर

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, पण बदलल्यावर कुणाचाही फोन नव्याने वाजत नाही. म्हणून ‘दया’चं ‘द्या’ करायचं असेल तर गुपचूप बदल करावा. दिवस, वेळ किंवा जागा चुकली असेल तर नवा मेसेजच टाकावा: ‘बदल: तालीम गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता.’ आधी वाचून निघालेल्या माणसापर्यंत तेवढंच पोचतं.

दुसऱ्याच्या मेसेजमधली चूक दिसली तर ती सगळ्यांसमोर दाखवू नका, त्याला खासगीत कळवा. चारचौघांत अक्षरावरून टोकलं गेलेला माणूस पुढच्या वेळी मराठीत लिहायचं टाळतो, आणि जबलपूरसारख्या शहरात प्रत्येक मराठी लिहिणारा माणूस आपल्याला हवा आहे.