पॉवर बँक केबिनमध्येच का?

विमानतळावर पॉवर बँक तपासताना पाहिला जातो तो वॉट-अवरचा आकडा, म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा. 100 वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक सहसा नेता येते. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि असे जास्तीत जास्त दोनच नग चालतात. 160 च्या वर प्रवाशाला मनाई आहे.

अनेक पॉवर बँकांवर फक्त मिलीअँपिअर-अवर ठळक छापलेले असतात. त्यांना आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टने गुणून 1000 ने भागावे. 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-अवरची भरते, 30,000 ची मात्र 111 ची. यूएसबीचे 5 व्होल्ट धरले, तर उत्तर चुकते.

लिथियम सेलच्या आत शॉर्ट सर्किट झाले की उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेग घेते आणि शेजारचा सेलही पेटतो. साठलेली ऊर्जा जितकी जास्त, तितकी आग मोठी, म्हणून मर्यादा. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात. म्हणूनच पॉवर बँक आणि सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

सुट्या सेलच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली पॉवर बँक घरीच ठेवा.