कमरेच्या डागाची गाठ ‘साधी’ निघाली, तरी डॉक्टर दरवर्षी का बोलावतात? पत्रातली एकेक ओळ समजून घ्या

सोलापूर : बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर नाही असं लिहिलं, की घरात पेढे वाटले जातात आणि फाईल ट्रंकेत जाते. पण रिपोर्टसोबत त्वचारोगतज्ज्ञ एक पत्र देतात आणि त्यात शेवटी लिहिलेलं असतं, ‘वर्षातून एकदा दाखवायला या.’ मग शंका येते. काही नाही तर मग बोलावतात कशाला? डॉक्टर काही लपवतायत का? की नुसता फीचा मामला आहे?

हे नीट समजण्यासाठी आपल्या भागातल्या बायकांना रोज भेडसावणारं एक उदाहरण घेऊ. परकराच्या नाडीचा कमरेवर पडणारा काळा, जाड पट्टा.

समजा, मोहोळ तालुक्यातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी आहेत. चाळीस वर्षं रोज साडी, आत नाडीचा परकर, आणि दिवसभर खुरपणी-वेचणी. वाकून काम करताना साडी सुटू नये म्हणून नाडी कचकचून आवळायची सवय. उजव्या कुशीवर, जिथं गाठ बसते तिथं, कातडी काळी पडून जाड झालेली. उन्हाळ्यात घामानं खाज सुटते, खाजवलं की सालपट निघतं, मधेच चीर पडून पाणी येतं. आधी मेडिकलमधून ट्यूब आणली, मग कुणी सांगितलं म्हणून बिब्बा लावला. त्यानं कातडी भाजली आणि जखम तीन महिने भरली नाही. शेवटी पोरानं सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडं नेलं.

बायोप्सी म्हणजे नेमकं काय केलं?

डॉक्टरांनी आधी कातडीचे वरचे कण खरवडून दुर्बिणीखाली बुरशी आहे का ते पाहिलं. कमरेवर गजकर्णही होतं आणि ते दिसायला सारखंच वाटतं, म्हणून ही पहिली पायरी. बुरशी नव्हती. जखम जुनी असल्यानं त्यांनी बायोप्सी सांगितली.

बायोप्सीचं नाव ऐकून मावशी घाबरल्या. ‘चाकू लागला की रोग पसरतो’ हे गावोगावी ऐकायला मिळतं. कातडीच्या बायोप्सीनं कॅन्सर तयार होत नाही, आणि असलाच तर तो लवकर कळतो. प्रत्यक्षात काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढी एक टोचणी कळते. मग पेन्सिलीएवढ्या जाडीच्या गोल धारदार नळीनं साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात आणि एक-दोन टाके घालतात. तुकडा औषधाच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांकडं जातो. जखम असेल तर तुकडा जखमेच्या मधून नाही, काठावरून घेतात, कारण मधोमध बऱ्याचदा नुसती मेलेली कातडी असते आणि बदल असला तर तो काठावर दिसतो.

पत्रात काय लिहिलेलं असतं

आठवडाभरानं रिपोर्ट येतो. डॉक्टरांचं पत्र साधारण असं असतं :

‘मावशी, नमस्कार. तुमच्या उजव्या कुशीवरच्या जागेचा तपासणी अहवाल आला आहे. त्यात कॅन्सर नाही, आणि कॅन्सरकडे जाणारे बदलही दिसलेले नाहीत. सतत घासल्यामुळे आणि दाबामुळे तिथली कातडी जाड झाली आहे आणि तिला जुनी सूज आहे. मलम चार आठवडे लिहून दिल्याप्रमाणेच लावा, नंतर बंद करा. नाडी त्या जागेवर बांधू नका. जखम भरली का ते बघायला सहा आठवड्यांनी या. त्यानंतर दरवर्षी एकदा या. मधल्या काळात जखम पुन्हा झाली आणि चार आठवड्यांत भरली नाही, तर वर्षाची वाट पाहू नका. ताबडतोब या.’

आता यातली एकेक ओळ बघू.

‘कॅन्सर नाही, बदलही नाहीत’

या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी रिपोर्टात ‘नो इव्हिडन्स ऑफ डिसप्लेसिया ऑर मॅलिग्नन्सी’ अशी ओळ असते. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर. डिसप्लेसिया म्हणजे पेशी अजून कॅन्सरच्या झालेल्या नाहीत, पण त्यांची ठेवण बिघडायला लागली आहे. तूर कापणीला यायच्या आधी तिला फुलं-शेंगा धरतात, तशी ही मधली अवस्था. मावशींच्या तुकड्यात हे दोन्ही नव्हतं. जे होतं ते ‘हायपरकेराटोसिस’, म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर जाड होणं. खुरपं धरून तळहाताला घट्टे पडतात, तोच प्रकार. शरीर घासण्यापासून स्वतःला वाचवतंय एवढाच त्याचा अर्थ. यालाच डॉक्टर ‘बिनाईन’ म्हणतात. बिनाईन म्हणजे न पसरणारं, जिवाला धोका नसलेलं.

मग दरवर्षी कशाला?

याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण तुकड्याचं. रिपोर्ट त्या ४ मिलिमीटरच्या तुकड्याबद्दल आणि त्या दिवसाबद्दल बोलतो. माती परीक्षणाला वावराच्या एका कोपऱ्यातून ओंजळभर माती नेली, तर अहवाल त्या मातीचा असतो. मावशींचा पट्टा मात्र कमरेभोवती वीतभर पसरलेला आहे. डॉक्टर सगळ्यात संशयास्पद जागा निवडतात, त्यामुळं रिपोर्टवर भरवसा ठेवता येतो. पण पुढच्या पाच वर्षांची हमी कुठलाच रिपोर्ट देत नाही.

दुसरं कारण जुन्या जखमेचं. एकाच जागी जखम व्हायची, भरायची, पुन्हा उघडायची, असं वर्षानुवर्षं चाललं तर क्वचित कधी तिथल्या पेशी बिघडून कॅन्सर होतो. भाजलेल्या जुन्या व्रणावरही असं होतं, आणि तिथं बहुतेक वेळा कित्येक वर्षं मधे गेलेली असतात. डॉक्टर त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. असं फार थोड्या जणांना होतं. पण ज्याला होतं त्याला आधी वर्षानुवर्षं ‘साधीच जखम’ असते, म्हणून नजर ठेवायची.

कमरेच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याकडं जुनीच माहीत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली, धोतर वर्षानुवर्षं घट्ट बांधून कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केली. पुढं त्याला ‘धोती कॅन्सर’ हेच नाव पडलं. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी साडीमुळं झालेल्या अशाच दोन रुग्णांची माहिती ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दिली. एका सत्तर वर्षांच्या बाईंना कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसऱ्या साठी ओलांडलेल्या बाई परकराशिवाय लुगडं घट्ट नेसायच्या, त्यांची जखम दोन वर्षं जुनी होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला होता. म्हणजे दोष नुसत्या परकराचा नाही. रोज एकाच जागी बसणारा फास, घाम आणि घासणं यांचा आहे.

वर्षाच्या तपासणीत काय करतात?

दरवेळी बायोप्सी होत नाही. डॉक्टर कमरेचा पूर्ण घेर उजेडात बघतात, जाड जागा बोटांनी चाचपतात, कडक गाठ लागते का ते पाहतात. जांघेत गाठी आल्यात का हे तपासतात, कारण कमरेखालच्या कातडीचा रोग सरकला तर बहुधा आधी तिथं जातो. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढतात आणि गेल्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघतात. काही बदल दिसला तरच पुन्हा तुकडा काढतात. म्हणून जुनी फाईल, पत्र आणि रिपोर्ट सोबत नेणं गरजेचं. त्यांचा फोटो मोबाईलमध्येही काढून ठेवावा.

वर्षाची वाट कधी पाहायची नाही?

पत्रातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. जखम चार आठवड्यांत भरली नाही, जखमेचा काठ फुगून बाहेर वळला, मधे फुलकोबीसारखं मांस वाढलं, हात लागला की रक्त येऊ लागलं, घाण वास सुटला, किंवा जांघेत न दुखणारी कडक गाठ लागली, तर लगेच जायचं. मागच्या वर्षी रिपोर्ट चांगला होता म्हणून आता काही नसेल, असं धरून चालायचं नाही. दुखत नाही म्हणजे साधं, हाही समज चुकीचा. अशा जखमा सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाहीत.

नुसता काळा पट्टा असेल आणि कातडी फाटत नसेल, तर घाबरायचं कारण नाही. नाडी सैल केल्यावर तो हळूहळू मऊ होतो. काळेपणा जायला मात्र कित्येक महिने लागतात आणि थोडा डाग राहूही शकतो.

नाडीचं काय करायचं?

औषधापेक्षा फरक इथं पडतो. बारीक नाडीचा सगळा दाब एका रेघेवर येतो. तीच नाडी दोन-अडीच इंच रुंद सुती पट्ट्याची केली की दाब वाटला जातो. गाठ रोज एकाच कुशीवर न मारता जागा बदलावी. घरी आल्यावर आणि झोपताना नाडी सैल करावी किंवा गाऊन घालावा. शेतातून आल्यावर कमर साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करावी. जखम असेपर्यंत तिथं नाडी नकोच.

बिब्बा, चुना, रुईचा चीक लावू नये. त्यानं कातडी भाजते, नवी जखम होते आणि डॉक्टरांना खरं काय ते ओळखणं अवघड जातं. मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं. दोन दिवस खाज थांबते, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होऊन लवकर फाटते आणि बुरशी असली तर वाढते.

कुठं दाखवायचं?

सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची गावनिहाय नोंद ठेवली जाते, देशातली अशी ती पहिली ग्रामीण नोंदणी. जाताना एवढंच लक्षात ठेवा : जखम कधीपासून आहे, काय काय लावलं आणि नाडी कुठं बांधता हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. कमरेची जागा म्हणून बायका दाखवत नाहीत, आणि त्यातच महिने जातात. बाई डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी असेल तर केसपेपर काढतानाच तसं सांगावं.