व्याज पूर्ण हाती यावं म्हणून: १५एच फॉर्मची गोष्ट

बँकेतल्या ठेवीचं व्याज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, की बँक त्यातून दहा टक्के टीडीएस कापते आणि तुमच्या पॅनवर सरकारजमा करते. तुमची इतर मिळकत किती, तुम्हाला खरोखर कर लागतो की नाही, हे बँकेला ठाऊक नसतं. कायद्याने घालून दिलेली कपात ती करून मोकळी होते. ज्यांना एक रुपयाही कर देणं लागत नाही अशा वृद्धांचेही पैसे असेच अडकतात. ते अडकू नयेत म्हणून साठ पूर्ण झालेल्यांसाठी एक साधा कागद आहे, फॉर्म १५एच. ‘या वर्षीच्या माझ्या एकूण अंदाजित उत्पन्नावर कर शून्य आहे, तेव्हा व्याजातून कर कापू नये’ असं त्यात आपण स्वतःच्या सहीने जाहीर करतो.

आकडे मांडले की हे नीट कळेल. एका निवृत्त शिक्षकाच्या पश्चात त्यांच्या पत्नीला दरमहा १५,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं असं समजू. बाईंचं वय ६८. यजमानांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे १६ लाख त्यांनी एका बँकेत सात टक्क्यांनी ठेवले आहेत. शिवाय जरा जास्त व्याज मिळतं म्हणून ३ लाख एका कंपनीच्या मुदत ठेवीत आठ टक्क्यांनी आहेत. बँकेचं वर्षाचं व्याज १,१२,००० रुपये, कंपनीचं २४,००० आणि बचत खात्याचं साधारण ४,०००.

२०२५-२६ या आर्थिक वर्षात ज्येष्ठ नागरिकांसाठी बँकेच्या आणि पोस्टाच्या व्याजाची टीडीएस मर्यादा लाखाची आहे. आधीच्या वर्षापर्यंत ती ५०,००० होती. ही मर्यादा दर बँकेमागे मोजतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी विभागून ठेवल्याने काही साधत नाही, कारण बँक सगळ्या शाखांची बेरीज एकत्र करते. आणि मर्यादा ओलांडली, की कपात वरच्या बारा हजारांवर न होता पूर्ण १,१२,००० वर होते. म्हणजे बँकेत ११,२०० रुपये गेले. कंपनीच्या ठेवीला तर लाखाची सवलत लागूच नाही. तिथे वयाचा विचार न करता मर्यादा १०,०००ची आहे. त्यामुळे तिथेही २,४०० कापले जातील. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही. तरीही एकूण १३,६०० रुपये गेले, जवळजवळ एका महिन्याचं पेन्शन.

आता बाईंना खरा कर किती ते पाहू. वर्षाचं कुटुंब निवृत्तिवेतन १,८०,०००. नव्या करप्रणालीत त्यातून २५,००० वजा होतात, उरतात १,५५,०००. त्यात सगळं व्याज, म्हणजे १,४०,००० मिळवलं की उत्पन्न होतं २,९५,०००. नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर करच नाही. देणं शून्य आणि कपात १३,६००!

हे पैसे बुडत नाहीत, पण परत मिळवायला आयकर विवरणपत्र भरावं लागतं. एरवी एवढ्या उत्पन्नावर बाईंना ते भरायची सक्तीही नव्हती. म्हणजे कुणाकडे तरी कागद घेऊन जायचं, फी मोजायची, परताव्याची वाट पाहायची. एप्रिलमध्ये बँकेत एक आणि कंपनीकडे एक, असे दोन १५एच दिले असते तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर हा फॉर्म देता येत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १५एचची कसोटी एकच: सवलती धरून शेवटी लागणारा कर शून्य असला पाहिजे. कलम ८७ए खालची करसवलतही यात धरायची, हे २०१९ पासून फॉर्मच्या टिपांतच स्पष्ट केलेलं आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचं करपात्र उत्पन्न या सवलतीने करमुक्त ठरतं, जुन्या प्रणालीत ५ लाखांपर्यंतचं. मात्र साठीच्या आतल्यांनी भरायचा १५जी वेगळा. त्यात कर शून्य असणं पुरत नाही, व्याजाची बेरीजही मूळ करमुक्त मर्यादेच्या आत लागते. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर असाल तर त्या आर्थिक वर्षात कधीही साठ पूर्ण होत असल्यास १५एचच मागा.

एक इशारा मात्र मनापासून द्यावासा वाटतो. त्या वर्षी प्लॉट, घर किंवा शेअर विकले असतील तर सरसकट सही करू नका. भांडवली नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो आणि त्या कराला नव्या प्रणालीत ही सवलत मिळत नाही. मग कर शून्य राहात नाही आणि तुमचं निवेदन खोटं ठरतं. जाणूनबुजून खोटं निवेदन देणं हा दंड आणि कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. १५एच कर माफ करत नाही, फक्त आगाऊ कपात थांबवतो.

फॉर्म भरताना लोक दोन ठिकाणी अडखळतात. एका रकान्यात फक्त त्या बँकेकडून मिळणारं व्याज लिहायचं असतं, दुसऱ्यात वर्षाचं सगळं उत्पन्न. बाईंच्या बँकेतल्या फॉर्मवर पहिला आकडा १,१२,००० आणि दुसरा २,९५,००० येईल. पुष्कळ जण दोन्हीकडे व्याजच लिहितात. याआधी दुसरीकडे १५एच दिला असेल तर किती फॉर्म दिले आणि त्यांतली एकूण रक्कम किती, हेही विचारलेलं असतं. पॅनशिवाय फॉर्म निरुपयोगी. पॅन नसेल किंवा आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झालं असेल तर कपात वीस टक्क्यांनी होते.

खातं संयुक्त असेल तर ज्याचं नाव पहिलं, त्याचाच फॉर्म चालतो. यजमान गेल्यावर ठेव त्यांच्याच पहिल्या नावाने राहिली असेल, तर कपात त्यांच्या पॅनवर होत राहते आणि पत्नीने दिलेला १५एच लागू पडत नाही. तेव्हा आधी ठेवीवरचं नाव बदलून घ्यावं.

मुदतीअंती एकरकमी व्याज देणाऱ्या ठेवीतही बँक दरवर्षी साठलेलं व्याज मोजते आणि हातात पैसे आलेले नसतानाही त्यावर कर कापते. ‘व्याज तर पाच वर्षांनी मिळणार, आता कशाला फॉर्म?’ असं म्हणून थांबलेल्यांची ठेव मुदतीअंती ठरल्यापेक्षा कमी भरते, आणि कमी का भरली हे त्यांना उमगत नाही. एकदा सरकारजमा झालेली कपात बँक परत देऊ शकत नाही. उशिरा दिलेल्या फॉर्मने फक्त पुढची कपात थांबते. वर्षाच्या मध्ये नवी ठेव केली तर आधीच्या फॉर्ममध्ये ती धरली आहे का, हे काउंटरवर विचारून घ्यावं.

फॉर्म दिल्यावर शिक्क्याची पोच घ्या. काही महिन्यांनी घरातल्या कुणाकडून आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमचा फॉर्म २६एएस उघडून घ्या. १५जी-१५एचमुळे कपात न झालेलं व्याज त्यात वेगळ्या भागात दिसतं. ते तिथे नसेल, किंवा कापलेला कर दिसत असेल, तर पोच घेऊन लगेच शाखेत जा.

हा फॉर्म एका आर्थिक वर्षापुरताच चालतो. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून घरात ठेवलेल्या जुन्या फॉर्मची झेरॉक्स वापरू नका. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बँकेत जाऊन त्या वर्षीचा फॉर्म मागा, आणि जिथे जिथे ठेव आहे तिथे तिथे तो स्वतंत्र द्या.