शेवटच्या भाषकासमोर बसताना

ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. तरुण भाषा-अभ्यासक दूरच्या वस्तीत पोहोचतो. तिथे भाषा बोलणारी एकच म्हातारी उरलेली असते. तो रेकॉर्डर सुरू करतो, म्हातारी गाते आणि भाषा वाचते. कथा म्हणून हे छान आहे, पण प्रत्यक्षात अडचणी सुरू होतात त्या रेकॉर्डर सुरू झाल्यानंतर.

त्या समजून घ्यायला अंदमानचं उदाहरण घेऊ. २६ जानेवारी २०१० रोजी पोर्ट ब्लेअरमध्ये बोआ सीनियर यांचं निधन झालं. वय पंच्याऐंशीच्या आसपास. ग्रेट अंदमानी समाजात एकेकाळी दहा गट होते आणि प्रत्येकाची बोली वेगळी होती. त्यांतली ‘बो’ ही बोली बोलू शकणाऱ्या त्या शेवटच्या. त्यांच्याकडून शब्द, गाणी, गोष्टी टिपून घेतल्या अन्विता अब्बी यांनी. कथेतल्यासारख्या त्या तरुण नव्हत्या. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक होत्या, पन्नाशी ओलांडलेली होती, आणि भारतातल्या अनेक भाषांवर काम करून त्या तिथे पोहोचल्या होत्या. हा अनुभव किती उपयोगी पडला ते पुढे येईलच.

१८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत उभारली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या काही हजारांत होती. पुढे गोवरासारखे आजार आले, त्यांच्याशी लढण्याची ताकद या लोकांच्या अंगात नव्हती. जे थोडे उरले त्यांना १९७० च्या सुमारास स्ट्रेट बेटावर वसवण्यात आलं. वेगवेगळ्या गटांची माणसं एकत्र आली, आपसांत लग्नं झाली आणि बोली एकमेकींत मिसळल्या. मुलं हिंदी बोलू लागली. अब्बी यांचा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा समाज जेमतेम पन्नास जणांचा होता आणि भाषा येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

‘शेवटची भाषक’ हा शब्दप्रयोग इथेच अडचणीचा ठरतो. बोआ बो बोलू शकत होत्या, पण बोलायचं कुणाशी? इतर वयस्कांशी त्या मिश्र भाषेत बोलत, बाकी सगळ्यांशी अंदमानी वळणाच्या हिंदीत. भाषा वर्षानुवर्षं संभाषणात आली नाही की नेहमीच्या वस्तूंची नावं तेवढी टिकतात. भांडताना काय म्हणतात, ‘कदाचित’ कसं म्हणतात, अर्धवट राहिलेलं वाक्य दुसऱ्याने कसं पूर्ण करायचं, हे सगळं आधी विरतं. अभ्यासकाने प्रश्न विचारला की समोरच्याला आठवायला वेळ लागतो, आणि आठवलेला शब्द बोचा की जेरूचा, हे त्यालाही दरवेळी सांगता येत नाही.

सुरुवात नेहमी शब्दयादीने होते: डोळा, हात, पाणी, अग्नी. रेकॉर्डरवर आधी तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणून ठेवायचं, मग प्रत्येक शब्द दोन-तीनदा म्हणवून घ्यायचा. दाबलेली एमपी-३ फाइल चालत नाही, मूळ आवाज जसाच्या तसा ठेवणारी डब्ल्यूएव्ही फाइल लागते. कारण ‘प’ आणि ‘फ’ यांतला बारीक फरक उद्या कुणालातरी पुन्हा ऐकून ठरवायचा असतो. बेटावर वारा हा पहिला शत्रू. माइकवर केसाळ आवरण नसेल तर अख्खी सकाळ नुसत्या घोंघावण्यात जाते.

खरी परीक्षा यादी संपल्यावर सुरू होते. ग्रेट अंदमानीत शरीराच्या अवयवाचं नाव सुटं म्हणताच येत नाही. डोकं कुणाचं तरी असायलाच हवं. म्हणून ‘डोकं’ विचारलं की ‘माझं डोकं’ किंवा ‘त्याचं डोकं’ असं उत्तर येतं. नवखा अभ्यासक वहीत दोन वेगळे शब्द लिहून मोकळा होतो, किंवा म्हातारी विसरली असं समजतो. अब्बी मात्र अशा उत्तरांपाशी थांबल्या. या कामात त्यांना सर्वांत जास्त मदत झाली ती नाओ ज्युनियर यांची. रक्ताचा शब्द विचारला तर तोही दरवेळी सारखा येईना. रक्त बोटातून येत असेल तर शब्दाआधी ‘ओंग’ लागे, शरीराच्या आतलं असेल तर ‘ए’. या भाषेने माणसाचं शरीर सात भागांत वाटलं आहे, आणि प्रत्येक भागाची एकेक खूण शब्दाच्या आधी लागते. हाता-पायांच्या बोटांची एक, तोंडाची एक, आतल्या अवयवांची एक, अशी ही रचना. ती नावांपुरती थांबत नाही. क्रियापदांना आणि विशेषणांनाही ह्याच खुणा लागतात. म्हणजे शरीराचा नकाशा हाच व्याकरणाचा सांगाडा. शब्दयादी कितीही लांबवली तरी हे तिच्यातून हाती लागलं नसतं. दोन उत्तरं जुळली नाहीत तेव्हा ‘चूक कुणाची?’ याऐवजी ‘फरक कशाचा?’ असं विचारलं गेलं, म्हणून ते सापडलं.

गाण्यांचं गणित उलटं आहे. गाणं शब्दांपेक्षा जास्त काळ टिकतं, कारण चाल त्याला धरून ठेवते. पण चालीत बसवताना स्वर ताणले जातात, शब्द तुटतात, जुने शब्द आत अडकून राहतात. गाणाऱ्यालाही कधी कधी एखाद्या ओळीचा अर्थ ठाऊक नसतो. लहानपणी जसं ऐकलं तसं तो गातो. म्हणून गाणं आधी अखंड गाऊन घ्यायचं, मग तेच बोलून घ्यायचं, एकेका ओळीवर थांबत. बोलताना आणि गाताना शब्द वेगळे निघाले तर दोन्ही लिहायचे. बोआंनी गायलेली गाणी अशी हाती आली. अब्बी यांच्या ‘व्हॉइसेस फ्रॉम द लॉस्ट होरायझन’ (२०२१) या पुस्तकात ग्रेट अंदमानी गाणी आणि गोष्टी एकत्र वाचायला मिळतात.

बोआ पक्ष्यांशी बोलत असत. ऐकणाऱ्याला वाटेल, एकाकी म्हातारीचा चाळा. पण पक्षी हे आपले पूर्वज आहेत असं हा समाज मानतो, आणि काही माणसं पक्षी कशी झाली याची गोष्ट नाओ ज्युनियर यांनी अब्बींना सांगितली होती. त्या गोष्टीतली पात्रांची नावं हीच पक्ष्यांची नावं. मग कोणतं नाव नेमक्या कोणत्या पक्ष्याचं, हे ठरवणं भाषातज्ज्ञाच्या आवाक्यात राहत नाही, तिथे पक्षी ओळखणारा माणूस लागतो. पुण्याचे पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि अब्बी यांनी मिळून २०११ मध्ये ग्रेट अंदमानी समाजाच्या पक्षीनामांवर आणि वर्गीकरणावर पुस्तक काढलं, ते याच गरजेतून. निव्वळ कोशात ‘एक पक्षी’ एवढीच नोंद उरली असती. असे कोश आपल्याकडे बरेच आहेत, हेही सांगायला हवं.

या सगळ्यात एक हिशेब निर्दय आहे. एक तासाचं ध्वनिमुद्रण ऐकून लिहायला, त्याचा शब्दशः अर्थ लावायला पन्नास तास सहज जातात, आणि त्या वेळी बोलणारी व्यक्ती शेजारी लागते. टेप किती जमल्या याला फारसा अर्थ नाही, बोलणाऱ्याच्या हयातीत किती उलगडल्या हे पाहायचं. अनुभवी अभ्यासक म्हणून थोडं मुद्रण करतात आणि संध्याकाळीच ते पुन्हा वाजवून दाखवतात: इथे काय म्हणालात? हे दोनदा का म्हणालात? म्हातारी माणसं दमतात, त्यांची तब्येत बिघडते, कधी एखादी आठवण नको होते. अशा दिवशी काम बंद ठेवण्याला पर्याय नसतो.

नाओ ज्युनियर फेब्रुवारी २००९ मध्ये गेले, बोरो सीनियर नोव्हेंबरमध्ये, आणि दोन महिन्यांनी बोआ. एका वर्षाच्या आत तीन जाणकार. अब्बी यांचा इंग्रजी–ग्रेट अंदमानी–हिंदी कोश २०१२ मध्ये आला आणि व्याकरण २०१३ मध्ये, म्हणजे दोन्ही या तिघांच्या पश्चात. छपाईच्या वेळी ज्या शंका निघाल्या असतील, त्या विचारायला यांच्यापैकी कुणी उरलं नव्हतं.