टॅप होत नाही? आधी कव्हर काढा

कालपरवापर्यंत फोन मशीनला टेकवला की पैसे जात होते, आता कसाही टेकवा, मशीन ढिम्म. मग कुणी फोन दुरुस्तीला टाकतं, कुणी ‘रीसेट मारून बघ’ असा सल्ला देतं आणि बँकांची सगळी ॲप्स नव्याने बसवण्यात अख्खी संध्याकाळ जाते. यातलं बरंचसं टाळता येतं. दोष बहुतेक वेळा दोनपैकी एका जागी असतो: एक तर फोनच्या अँटेनापर्यंत मशीनचं म्हणणं पोचत नाही, किंवा पोचतं पण फोनमधली एखादी सेटिंग आडवी येते. कुठली जागा, हे घरच्या घरी एका कार्डावरून ठरवता येतं. तेवढं ठरलं की निम्मं काम झालं.

टॅप करून पैसे देणं आणि टॅग वाचणं ही दोन्ही कामं एनएफसी नावाची सोय करते. तिची अँटेना म्हणजे फोनच्या पाठीमागच्या बाजूला, आतून चिकटवलेलं पातळ तारेचं वेटोळं. मशीनमध्येही तसंच एक वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला सुमारे 1 कोटी 36 लाख आवर्तनं करणारं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं आणि फोनचं वेटोळं त्यात आलं की दोघांचा संवाद सुरू होतो. हा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटरचा, व्यवहारात त्याहूनही कमी. पल्ला मुद्दामच तोकडा ठेवलेला आहे, म्हणजे रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमधून पैसे जाणार नाहीत.

या क्षेत्राला प्लास्टिक, रबर, चामडं, कापड यांचा अडथळा होत नाही. म्हणून साधं सिलिकॉनचं कव्हर कितीही जाड वाटलं तरी सहसा त्याचा दोष नसतो. धातूचं तसं नाही. बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूच्या पत्र्यावर पडलं की पत्र्यात गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह तयार होतात, आणि ते स्वतःचं उलट दिशेचं क्षेत्र निर्माण करून मूळ क्षेत्राला मारून टाकतात. शिवाय जवळच्या पत्र्यामुळे अँटेनाचा सूरही बिघडतो. ज्या लहरींसाठी ती जुळवलेली असते, त्यांवरून ती सरकते. गाडीत फोन चुंबकावर चिकटावा म्हणून कव्हरच्या आत जी पातळ लोखंडी चकती ठेवतात, ती नेमकं हेच करते. पत्रा कागदासारखा पातळ असला तरी फरक पडत नाही.

अँगठीसारखी धातूची कडीही घातक ठरू शकते. अँटेनाभोवती अखंड कडी आली तर तिच्यातूनच प्रवाह फिरत राहतो. त्यामानाने एका जागी चिरलेली, तुटक कडी बरी. पाकिटासारख्या कव्हरची भानगड वेगळी आहे. तिथे मेट्रोचं किंवा बँकेचं टॅपवालं कार्ड फोनला खेटून बसलेलं असतं. मशीनला एकाच वेळी दोन कार्डं दिसतात, ते गोंधळतं आणि दोन्ही नाकारतं. कधी भलत्याच कार्डावरून पैसे जातात.

आता परीक्षा. टॅपचं चिन्ह, म्हणजे चार वाकड्या रेघा असलेलं बँकेचं कार्ड किंवा मेट्रोचं कार्ड घ्या आणि लाकडी टेबलावर ठेवा. स्टीलच्या ओट्यावर ठेवलंत तर तो ओटाच निकाल बिघडवेल. फोनचं कव्हर पूर्ण काढा, एनएफसी चालू करा, स्क्रीन उघडी ठेवा. मग फोनची पाठ कार्डावरून अगदी सावकाश, वरून खाली सरकवा. अँड्रॉइड फोन योग्य जागी आला की थरथरतो, आवाज करतो किंवा या टॅगसाठी ॲप नाही असा संदेश दाखवतो. तो संदेश म्हणजे यशच. कार्ड दिसलं, एवढंच आपल्याला हवं. यासाठी अनोळखी ॲप उतरवून त्याला बँकेचं कार्ड वाचू देऊ नका, त्याची काही गरज नाही. जिथे फोनने दाद दिली ती जागा लक्षात ठेवा. काही फोनमध्ये ती कॅमेऱ्याजवळ असते, काहींत पाठीच्या मध्यावर, आयफोनमध्ये वरच्या कडेला. पैसे देतानाही हीच जागा मशीनच्या चिन्हावर यायला हवी. अनेक जण फोनचं खालचं टोक टेकवतात आणि अँटेना हवेतच राहते.

औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीचा फोन मी असाच तपासला. त्यांचा दिवस गाडीत जातो, त्यामुळे कव्हरच्या आत चकती होतीच. कव्हर काढल्यावर कार्ड लगेच वाचलं गेलं, कॅमेऱ्याच्या जरा खाली. कव्हर घातल्यावर काहीच नाही. चकती बरोबर त्या जागेवर होती. ती सोलून कव्हरच्या तळाशी लावली, आणि कार्ड पुन्हा वाचलं गेलं. गाडीतला स्टँड थोडा खाली घ्यावा लागला, इतकंच. ज्यांना चकती हलवता येत नाही त्यांच्यासाठी फोन आणि पत्रा यांच्यामध्ये घालायचे फेराइटचे पातळ तुकडे मिळतात. ते क्षेत्राला पत्र्यात जाऊ न देता वळवतात. पण माझं मत विचाराल तर चिमट्याचा स्टँड घ्यावा.

तरीही त्यांचे पैसे काही जाईनात. कार्ड वाचलं जातंय म्हणजे अँटेना ठीक, आता सेटिंग बघायची. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings, मग Connected devices, मग Connection preferences, मग NFC असा रस्ता आहे. सॅमसंगमध्ये Connections खाली शोधा. तिथे टॅपने पैसे देण्यासाठी मुख्य ॲप कुठलं, हे ठरवलेलं असतं. त्यांनी मध्यंतरी बँकेचं नवं ॲप बसवलं होतं आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं होतं. मुख्य ॲप तेच झालं होतं, आणि त्यात कार्डच जोडलेलं नव्हतं. जुनं ॲप निवडल्यावर व्यवहार झाला. एकाच फोनमध्ये दोन दोष असले की असा घोळ होतो: पहिला दूर केल्यावरही यश येत नाही, म्हणून माणूस चकती परत जागेवर लावतो.

त्याच पानावर Require device unlock for NFC चालू असेल तर कुलूप उघडल्याशिवाय टॅप होत नाही. सॅमसंगच्या काही फोनमध्ये एनएफसीचा एक साधा प्रकार निवडता येतो, त्यात पैसे जातात पण टॅग वाचले जात नाहीत. स्क्रीनचं कुलूप कायमचं काढून टाकलंत तर पैशांची ॲप्स जोडलेलं कार्ड पुसून टाकू शकतात. कुलूप लावून कार्ड नव्याने जोडावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमांमुळे टॅपची परवानगी बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येते, तीही एकदा बघा. आणि सेटिंगमध्ये एनएफसीचं नावच नसेल, तर फोनमध्ये ती सोयच नाही. त्याच नावाच्या परदेशी मॉडेलमध्ये असते, आपल्याकडच्या मॉडेलमध्ये नसते, असं अनेकदा घडतं.

कव्हर काढूनही, एनएफसी चालू असूनही, एकही कार्ड वाचलं जात नसेल आणि फोन बंद करून सुरू केल्यावरही फरक पडत नसेल, तेव्हाच दुकान गाठा. फोनची पाठ किंवा बॅटरी नुकतीच बदललेली असेल तर ते आवर्जून सांगा. अनेक फोनमध्ये अँटेनाचं वेटोळं पाठीमागच्या आवरणाला चिकटलेलं असतं आणि ते छोट्या स्प्रिंगच्या टोकांनी बोर्डाला टेकतं. नवं आवरण बसवताना ती टोकं नीट टेकली नाहीत, किंवा आवरणाबरोबर वेटोळंच आलं नाही, तर बाकी फोन उत्तम चालतो आणि एनएफसी मात्र मुकं होतं. फोन परत घेताना तिथेच, काउंटरवर, खिशातल्या कार्डावर टेकवून बघा आणि मगच पैसे द्या.