ऑफसाइटची ई-मेल: आकड्यामागचं वाचा

समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या मॅनेजरला टूर कंपनीची ई-मेल येते: ‘४० जणांसाठी लोणावळ्यात एक रात्र, दोन दिवस. माणशी ६,५०० ते ८,५०० रुपये. तारखा: ९-१० किंवा १६-१७ जुलै.’ म्हणजे एकूण खर्च २ लाख ६० हजार ते ३ लाख ४० हजारांच्या घरात.

मधला ८० हजारांचा फरक येतो कुठून? बहुधा खोल्यांतून. खालचा दर एका खोलीत तिघे धरून काढलेला असतो, वरचा दोघे धरून. बस, कॉन्फरन्स हॉल, प्रोजेक्टर आणि संध्याकाळचा नाश्ता कोणत्या दरात आहे, हे मेलमध्ये स्पष्ट हवं. नुसतं ‘कर वेगळे’ लिहिलं असेल, तर करासकट रक्कम मागून घ्यावी.

तारखांमागेही हिशेब असतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची झुंबड उडते, घाटात गाड्या तुंबतात आणि हॉटेलचे दर चढतात. म्हणून जाणकार टूर कंपनी गुरुवार-शुक्रवार सुचवते. मात्र तिमाही संपतानाचे दिवस टाळावेत. तेव्हा सेल्स आणि अकाउंट्सची माणसं निघूच शकत नाहीत.

खरी मेख असते किमान संख्येत. ४० ची हमी दिली आणि ३३ जणच आले, तरी बिल ४० चंच येतं. त्यामुळे हमी ३५ चीच द्या, वाढीव माणसं त्याच दराने घेण्याची अट लेखी घ्या आणि मगच ॲडव्हान्स भरा.